लेकीचं बचत खातं: साडेतीन वर्षं माझ्या सहीवर, सात महिने तिच्या

गेल्या नोव्हेंबरात दहा तारखेला, सोमवारी, मी बँकेत पैसे काढायची स्लिप भरून दिली. रक्कम साडेचार हजार. थोरलीच्या टेस्ट सिरीजची फी भरायची होती आणि क्लासने त्याच दिवसापर्यंतची मुदत दिली होती. कॅशियरने खाते क्रमांक टाकला, स्क्रीनकडे पाहिलं आणि स्लिप परत सरकवली. "ताई, मुलगी सज्ञान झाली. तुमची सही आता चालत नाही."

आदल्या दिवशी, रविवारी, तिला अठरा पूर्ण झाली होती. घरी गुलाबजाम केले होते. त्याच दिवशी बँकेत माझी सही बाद झाली आहे, हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

आमचं गाव बार्शी. मी शिवणकाम करते, मालक ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम करतात. घरात दोन मुलं आणि दोघांच्या नावावर एकाच बँकेत, एकाच शाखेत बचत खाती. पण दोन वेगळ्या प्रकारची. थोरलीचं २०२२ मध्ये उघडलं, धाकट्याचं गेल्या ऑगस्टमध्ये. दोन्ही वापरून झाल्यावर आता फरक कळतोय, म्हणून सविस्तर लिहिते. बँकेचं नाव लिहीत नाही. माणसं वाईट नव्हती आणि असाच अनुभव दुसऱ्या बँकांत आलेल्या दोघी-तिघी मला ठाऊक आहेत.

थोरलीचं खातं उघडलं ते एनएमएमएस शिष्यवृत्तीसाठी. आठवीत ती परीक्षा पास झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, आणि ते विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात थेट जमा होतात. शाळेने सांगितलं, मुलीच्या नावाचं खातं पाहिजे. गेलो बँकेत. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. काउंटरवर एक फॉर्म मिळाला, त्यात "पालकाचे नाव" आणि "पालकाची सही" असे रकाने. भरला, दिला, पासबुक आलं. पहिल्या पानावर तिचं नाव, त्याखाली माझं.

वयाची दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला स्वतःच्या सहीने चालणारं खातंही उघडता येतं, बँकेने तशी सोय ठेवली असेल तर. हे त्या दिवशी कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पालकाने चालवायच्या खात्यात पैसे मुलीचे, सही पालकाची. मुलीच्या सहीचा नमुनासुद्धा घेतलेला नसतो. चौदा वर्षांच्या, स्लिप स्वतः भरू शकणाऱ्या मुलीला त्या खात्यात एक रुपयाही काढता येत नव्हता. साडेतीन वर्षं ती माझ्याबरोबर बाकावर बसून राहायची.

पालक कोण, यावरूनही थोडी घासाघीस झाली. काउंटरवरचे साहेब म्हणाले, वडिलांची सही आणा, नैसर्गिक पालक वडील असतात. मी म्हटलं, ते दिवसभर कामावर, बँकेत येणार कधी? आत मॅनेजर मॅडमना विचारलं तर त्यांनी एका वाक्यात मिटवलं: आई पालक म्हणून चालते. कायद्याच्या पुस्तकात "वडील, आणि त्यांच्यानंतर आई" असे शब्द आहेत खरे. पण १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या "नंतर"चा अर्थ वडील वारल्यावरच असा घ्यायचा नाही, असं ठरवलं. ते प्रकरणही असंच होतं. एका आईने मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायचे ठरवले आणि अर्जावरची तिची एकटीची सही चालेना. बँक खात्यांसाठी तर आई पालक म्हणून चालते असं रिझर्व्ह बँकेने आधीपासून सांगितलेलंच आहे. तेव्हा कुणी वडिलांना आणायला पाठवलं तर शांतपणे आतल्या केबिनमध्ये जाऊन विचारा.

एक गोष्ट मात्र आधी ठरवा. आमच्या खात्यात ज्या पालकाचं नाव लागलं त्याचीच सही चालते. २०२४ च्या पावसाळ्यात मला डेंग्यू झाला, आठ दिवस पडून होते. थोरलीची पुस्तकं घ्यायची होती. मालक पासबुक घेऊन गेले आणि हात हलवत परत आले. सख्खे वडील, पण खात्यावर नाव माझं. आजोबा, मामा, काका यांचं तर नुसत्या नात्यावर पालक म्हणून नाव लागतच नाही. त्यासाठी कोर्टाचा आदेश किंवा आईवडिलांनी मृत्युपत्रात केलेली नेमणूक लागते. माझ्या जावेच्या माहेरी यावरून बरंच अडलं होतं. म्हणून घरात जो बँकेत सहज जाऊ शकतो, त्याचं नाव लावा. मोठेपणा कुणाचा, हा प्रश्न इथे कामाचा नाही.

बाकी ती साडेतीन वर्षं खातं निमूट चाललं. शिष्यवृत्ती यायची, कधी वेळेवर, कधी पुढच्या वर्षात. भाऊबीजेचे, बक्षिसाचे पैसे मी भरायचे. तक्रार म्हणावी असं काही नाही.

आता त्या सोमवारचं पुढे सांगते. पैसे अडकले म्हणजे गेले का? नाही. खात्यात पैसे येणं चालू होतं, बाहेर जाणं बंद होतं. पासबुक छापलं तर त्यात काहीच वेगळं दिसत नाही. १७,८६० रुपये शिल्लक, नेहमीसारखी. लॉक लागलंय हे फक्त बँकेच्या स्क्रीनवर दिसतं. अठरावं वरीस संपतं तो वाढदिवस सुरू होताच, म्हणजे आदल्या रात्री बारा वाजता माणूस कायद्याने सज्ञान होतो, आणि बँकेचं संगणक हा हिशेब जन्मतारखेवरून स्वतःच करतं. त्या क्षणापासून मी तिच्या पैशांची पालक राहत नाही. त्यामुळे बँकेने माझी सही थांबवली यात चूक काही नव्हती. मला राग आला तो आधी कळलं नाही म्हणून.

खरं सांगायचं तर, कळवलं होतं. घरी येऊन मोबाईल चाळला तर ऑक्टोबरच्या सुरुवातीचा एक इंग्रजी मेसेज सापडला. त्यात "MINOR" आणि "MAJOR" हे शब्द होते. मी तो कर्जाच्या जाहिरातींतला समजून सोडून दिला होता. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे बँकेने या बदलाची तयारी आधीपासून करायची असते आणि खातेदाराला कळवायचं असतं. ते त्यांनी कागदोपत्री केलं. मराठीत दोन ओळी आल्या असत्या तर माझी फेरी वाचली असती, एवढंच.

टेस्ट सिरीजचे पैसे मी बचत गटातून उचलून त्याच संध्याकाळी भरले.

दुसऱ्या दिवशी थोरलीला घेऊन गेले. बँकेत याला सगळे "मायनर टू मेजर" म्हणतात. कागद फारसे नाहीत: तिचे दोन फोटो, आधार, पॅन किंवा नसल्यास फॉर्म ६०, नव्याने भरलेला खात्याचा अर्ज, तिच्या सहीचे नमुने, आणि एका कागदावर शिल्लक बरोबर असल्याचा शेरा. हा शेवटचा कागद लोक न वाचता सही करतात. पालकाने चालवलेल्या खात्यात सज्ञान झालेल्या मुलाकडून शिल्लक मान्य करून घेतात. माझी मुलगी हुशार. तिने आधी पासबुक मागितलं, मागची पानं उलटली आणि मला विचारलं, "आई, जून २०२४ ला नऊ हजार कशाला काढले?" ते तिच्याच अकरावीच्या प्रवेशाला आणि क्लासला गेले होते. पण तिला विचारायचा हक्क होता आणि मला उत्तर द्यायला हवं होतं. ज्यांनी मुलांच्या खात्यातून घरखर्चाला पैसे काढलेत त्यांनी हा कागद आठवून ठेवावा.

मग गाडी आधारवर अडली. बँकेत अंगठा लावून पडताळणी करतात. तिने अंगठा लावला, लाल दिवा. दुसरं बोट, लाल. पाच-सहा वेळा झाल्यावर काउंटरवरच्या मॅडमनी आधार कार्ड हातात घेतलं आणि हसायला लागल्या. फोटोत दोन वेण्या घातलेली, पुढचा दात पडलेली सात वर्षांची पोर. समोर अठरा वर्षांची. बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद वयाच्या पाचव्या आणि पंधराव्या वर्षी परत द्यायची असते. पंधरा ते सतरा या वयात दिली तर फुकट. आम्ही ती दिलीच नव्हती, दहावीच्या गडबडीत राहून गेली. आता पैसे भरून, तहसीलजवळच्या केंद्रात रांग लावून ते केलं. नवीन ठसे चढायला नऊ दिवस लागले.

या मधल्या दिवसांतच, २१ तारखेला, अकरावीच्या वर्षाची शिष्यवृत्ती जमा झाली. १२,००० रुपये, लॉक असलेल्या खात्यात. हा मेसेज मात्र मी लगेच वाचला.

आणि इथे एक गोष्ट घडली, जी मला सगळ्यांना सांगायची आहे. बँकेतल्या दुसऱ्या एका साहेबांनी सुचवलं, "कशाला धावपळ करता? तिच्या नावाचं नवीन खातं काढा, पाच मिनिटांत होईल, हे नंतर बंद करू." ऐकायला सोपं होतं. पण शिष्यवृत्ती येते आधारला जोडलेल्या खात्यात. नवीन खातं उघडून तिथे आधार जोडलं की पुढचे पैसे तिकडे वळतात, आणि जुनं खातं लॉक असेपर्यंत त्यातले पैसे काढायला शेवटी हीच कागदपत्रं लागतात. शिवाय शाळा-कॉलेजच्या कागदांवर जुनाच क्रमांक. दोन खाती, दोन डोकेदुख्या. आम्ही जुनंच खातं बदलून घेतलं. खाते क्रमांक तोच राहिला, आधारची जोडणी तीच राहिली. ती जोडणी कुठल्या बँकेत आहे हे myAadhaar वर लॉगिन करून "Bank Seeding Status" मध्ये दिसतं. बदल झाल्यावर थोरलीने ते तपासलं.

२४ नोव्हेंबरला अंगठा लागला, हिरवा दिवा. तिने सहीचे नमुने दिले. २६ ला लॉक निघालं. म्हणजे सोळा दिवस, चार फेऱ्या. आधारचं काम आधी झालं असतं तर एका फेरीत झालं असतं, अशी माझी खात्री आहे.

सज्ञान झाल्यावर खात्यात आपोआप बदलत नाहीत अशा दोन गोष्टी आमच्याकडून जवळजवळ राहिल्या होत्या. एक मोबाईल नंबर. खात्याला माझा नंबर होता. तिने अर्जात स्वतःचा लिहिला नसता तर तिच्या एटीएम कार्डाचे ओटीपी माझ्या मोबाईलवर आले असते. दुसरी वारसाची नोंद. मुलगी अज्ञान असताना नॉमिनीचं नाव मी सही करून दिलं होतं, मालकांचं. आता तिने स्वतः फॉर्म भरून माझं नाव दिलं. वडिलांना अजून सांगितलेलं नाही.

पॅनचंही तेव्हाच झालं. तिच्याकडे पॅन नव्हतं म्हणून बँकेत फॉर्म ६० दिला होता. अठरा पूर्ण झाल्यावर, आधारला मोबाईल जोडलेला असेल तर आयकर खात्याच्या साइटवर फुकटात ई-पॅन निघतं. अज्ञान मुलांना ही सोय नाही. ज्यांचं पॅन लहानपणीच काढलंय त्यांचा क्रमांक तोच राहतो, पण त्या कार्डावर फोटो आणि सही नसते, ती नंतर चढवावी लागते.

कराचं थोडक्यात. दिराने त्याच्या मुलाच्या नावे ठेव ठेवली, कर वाचेल म्हणून. वाचत नाही. अज्ञान मुलाच्या ठेवीचं, खात्याचं व्याज आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात मिळवतात. प्रत्येक मुलामागे वर्षाला १,५०० रुपयांपर्यंतची सूट जुनी करप्रणाली घेणाऱ्यांनाच मिळते. मुलाने स्वतःच्या कष्टाने किंवा कलेने कमावलेलं असेल तर ते त्याचं स्वतःचं. आमच्या घरात करापर्यंत प्रकरण पोचत नाही, पण सज्ञान झाल्यापासूनचं व्याज थोरलीचं तिचं धरायचं, एवढं लक्षात ठेवलंय.

आता धाकट्याचं खातं. रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२५ ला अज्ञान मुलांच्या खात्यांच्या सूचना नव्याने काढल्या, आणि बँकांनी आपले नियम १ जुलै २०२५ पर्यंत त्याप्रमाणे करायचे होते. त्यात दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतः खातं उघडून चालवू देता येतं, रकमेची मर्यादा बँकेने ठरवायची, असं आहे. एटीएम कार्ड, चेकबुक, नेटबँकिंग द्यायचं की नाही हेही बँकेवर. खातं कधी उणे जाता कामा नये, ही अट मात्र सगळ्यांना. सहकारी बँकांनाही ह्याच सूचना लागू आहेत. धाकटा तेव्हा अकरा वर्षांचा होता. मी या वेळी काउंटरवर जाऊन सरळ विचारलं, "स्वतःच्या सहीचं खातं पाहिजे." मिळालं.

मजा झाली ती सहीची. त्याने पहिली सही केली पूर्ण नाव, सुवाच्य मराठीत, शाळेच्या वहीवर लिहितात तसं. दुसऱ्या नमुन्यात शेवटच्या अक्षराला शेपूट काढली. तिसऱ्यात आडनाव गायब आणि खाली दोन टिंबं. मॅडमनी कार्ड फाडलं, नवीन दिलं आणि म्हणाल्या, "बाळा, जी सही सात वर्षं करशील तीच कर." घरी येऊन एका कागदावर वीस वेळा गिरवली, मग दुसऱ्या दिवशी गेलो. सही एकसारखी करता येणं हीच या खात्याची खरी परीक्षा आहे. मुलाला न्यायच्या आधी घरी हे करून घ्या.

दहा महिने झाले. आमच्या शाखेने कार्ड दिलं, दिवसाला अडीच हजारांची मर्यादा. चेकबुक नाही, मोबाईलवर फक्त शिल्लक दिसते. त्याने दोनदा पिन विसरून कार्ड बंद पाडलं. दिवाळीत आत्याने ओवाळणीचे दिलेले पैसे स्वतः स्लिप भरून जमा केले. आकड्यात १,१०० आणि अक्षरात "एक हजार एकशे शंभर" लिहिलं, कॅशियरने परत पाठवलं. आता चुकत नाही. थोरली चौदाव्या वर्षीही बाकावर बसून होती.

पण या खात्याची दुसरी बाजू पालकांनी समजून घ्यावी. जानेवारीत शिलाई मशीनची मोटर जळाली. मला तीन हजार कमी पडत होते आणि धाकट्याच्या खात्यात तेवढे होते. माझी सही तिथे चालतच नाही. त्याला शाळेतून आल्यावर घेऊन जावं लागलं, आणि स्लिप भरताना त्याने विचारलं, "कधी परत देणार?" मार्चमध्ये दिले. पालकाने चालवायच्या खात्यात हे संभाषण झालंच नसतं. कुणाला हे गैरसोयीचं वाटेल. मला तरी आवडलं.

हेही सांगते की स्वतःच्या सहीचं खातं असलं तरी अठराव्या वर्षीची फेरी चुकत नाही. खातं कसं चालवायचं याच्या नवीन सूचना आणि सहीचा नवीन नमुना बँकेला तेव्हाही द्यावाच लागतो. फक्त शिल्लक मान्य करून घ्यायचा प्रश्न येत नाही, कारण व्यवहार त्यानेच केलेले असतात. त्याला मार्च २०३२ मध्ये अठरा पूर्ण होतील. त्याचं आधार पंधराव्या वर्षी करून घ्यायचं, हे थोरलीने स्वतःच्या मोबाईलमध्ये टाकून ठेवलंय. माझ्यावर तिचा विश्वास उरलेला नाही.

थोरलीचं खातं आता सात महिने तिच्या हातात आहे. यूपीआय चालू केलं, सीईटीचा फॉर्म तिनेच त्यावरून भरला. मी शिल्लक विचारली की पासबुक दाखवते, कार्डाचा पिन सांगत नाही. त्या पासबुकाच्या पहिल्या पानावर मात्र अजून "पालक" म्हणून माझंच नाव छापलेलं आहे. मॅडम म्हणाल्या, पानं संपली की नवीन देऊ, त्यात नसेल. चार पानं राहिली आहेत.